रेकॉर्डिंगवरून गायकाचा सा काढताना तंबोरा चुकीच्या सुरात लागतो? या क्रमानं तपासा

बडोद्यात घरगुती बैठकी बऱ्याच होतात आणि बाहेरगावचा गायक येणार असला की दोन दिवस आधी फोनवर एक रेकॉर्डिंग येतं: "यात जो सूर आहे त्यावर तंबोरे लावून ठेवा." मी पेटी वाजवतो, पण दांडिया बाजारातल्या ज्या घरात आमच्या बैठकी होतात तिथले तंबोरे लावण्याचं कामही माझ्याकडेच आहे. या कामात एकच चूक मी स्वतः तीन-चारदा केली आहे आणि इतरांची निदान पंधरा-वीस वेळा दुरुस्त केली आहे. म्हणून हे एकदा सविस्तर लिहितो.

आधी लक्षणं

चूक झाली आहे हे बहुतेक वेळा गायक आल्यावरच कळतं, पण खुणा आधीही दिसतात.

ट्यूनर एकदा एक सूर दाखवतो, थोड्या वेळानं दुसराच, आणि त्या दोघांत षड्ज-मध्यमाचं किंवा षड्ज-पंचमाचं अंतर असतं. उदाहरणार्थ `B` आणि `F#`.

तुम्ही लावलेला तंबोरा रेकॉर्डिंगबरोबर वाजवला तर सगळं जुळतं, कुठेही खटकत नाही. पण नुसत्या तंबोऱ्यावर तोच राग म्हणायला गेलात तर राग दुसराच होतो.

सूर दोन पट्ट्यांच्या मधोमध येतो. काळी चारला लावावा तर रेकॉर्डिंग वर राहतं, पांढरी सहाला लावावा तर खाली.

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला जुळलेला तंबोरा शेवटी जुळत नाही.

पहिली दोन लक्षणं एकाच आजाराची आहेत, तिसरं वेगळ्या आणि चौथं आणखी वेगळ्या. पहिला आजार सगळ्यांत जास्त आढळतो, म्हणून त्यावरच जास्त लिहिणार आहे.

फोन करा, पण नीट विचारा

सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे गायकालाच विचारणं. लाजू नका. मात्र "तुमची पट्टी कुठली?" एवढंच विचारून थांबू नका. आणखी तीन गोष्टी विचारा: रेकॉर्डिंग कधीचं आहे, त्यात राग कुठला आहे, आणि तंबोऱ्याची पहिली तार पंचमाला होती की मध्यमाला.

रेकॉर्डिंगचं साल विचारायचं कारण म्हणजे आवाज वयाबरोबर उतरतो. दहा वर्षांपूर्वी काळी चारला गाणाऱ्या बाई आज काळी तीनला गात असतील, तर रेकॉर्डिंगवरून तुम्ही कितीही अचूक सूर काढलात तरी तो आजचा नव्हे.

फोनवर मिळालेलं उत्तरही जसंच्या तसं घेऊ नका. स्केल चेंजर पेटीवर रियाज करणारे बरेच जण बोटाखालची पट्टी सांगतात. पट्ट्यांचा आडवा सरकणारा संच त्यांनी एकदा सरकवून ठेवलेला असतो आणि तो विसरलेला असतो. बोट काळी एकवर आणि आवाज पांढरी दोनचा, असं मी प्रत्यक्ष पाहिलं आहे. शिवाय जुन्या पेट्या आजच्या प्रमाण सुरावर असतीलच असं नाही. म्हणून गायकाचं उत्तर हा पहिला अंदाज समजा आणि रेकॉर्डिंगशी पडताळा.

मोबाईल खाली ठेवा, हेडफोन लावा

मोबाईलच्या स्पीकरवर रेकॉर्डिंग लावून दुसऱ्या मोबाईलवरचा ट्यूनर समोर धरायचा, ही सर्रास पद्धत आहे आणि निम्म्या चुका तिथेच होतात. तो छोटा स्पीकर खालचे सूर जवळजवळ वाजवतच नाही. खर्जाची तार त्यातून ऐकू येते ती तिच्या वरच्या स्वयंभू सुरांमुळे. त्या सुरांत तिसरा सूर पंचमाचा असतो. काळी तीनच्या खर्जाचा मूळ सूर 92.5 हर्ट्झ असतो, तो स्पीकर गिळून टाकतो. त्याच तारेतला 277.5 हर्ट्झचा सूर मात्र स्वच्छ येतो आणि ट्यूनर निष्ठेनं `C#` दाखवतो. म्हणजे गायिकेचा सा `F#` असताना यंत्र तिचा पंचम सांगतंय. दोष यंत्राचा नाही, त्याच्यापर्यंत जे पोचलं तेच त्यानं सांगितलं.

हेडफोन लावा आणि तंबोरा एकटा वाजतो आहे अशी जागा शोधा. गाणं सुरू होण्याआधीचे दहा-पंधरा सेकंद बहुतेक रेकॉर्डिंगांत मिळतात. नाही मिळाले तर गाणं संपल्यावर टाळ्या ओसरताना पाहा, पुष्कळदा तंबोरा तेव्हाही चालू असतो.

आणि ट्यूनर उघडण्याआधी गुणगुणा. आवाज जिथे आपोआप विसावतो ती जागा सा आहे असं वाटेल. ती असेलच असं नाही, पण निदान एक अंदाज तुमच्या गळ्यात बसतो आणि पुढची प्रत्येक तपासणी त्याला विचारता येते.

जोड शोधा

आता मुख्य गोष्ट, आणि ती मला कशी शिकावी लागली तेही सांगतो.

नाशिकच्या एक तरुण गायिका येणार होत्या. त्यांनी मालकंसाचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी ते स्पीकरवर लावलं, ट्यूनर धरला. `B` आला, मध्ये मध्ये `F#` आला. तबल्याचा दायाँ ऐकला तर तोही `B`. दोन साक्षीदार एकच सांगतायत म्हणताना मी निर्धास्त झालो. पांढरी सात बाईमाणसाला जरा उंच, पण तरुण मुलगी आहे, गात असेल, असं मनाशी म्हणून मी तंबोरा पांढरी सातला लावला आणि पहिली तार पंचमाला. रेकॉर्डिंगबरोबर वाजवून पाहिला, तर दुधात साखर. जोडीची एक तार चढवताना तुटली, तरी शंका आली नाही. तार तुटते ती बहुधा सांगायलाच तुटते, हे आता कळतं.

गायिका आल्या, डोळे मिटून दोन मिनिटं तंबोरा ऐकला आणि म्हणाल्या, "काका, हा माझा मध्यम आहे हो."

त्यांचा सा होता काळी तीन. मालकंसात पंचम नाही, म्हणून रेकॉर्डिंगमध्ये पहिली तार मध्यमाला लावली होती. काळी तीनचा मध्यम म्हणजेच पांढरी सात. तबलजीनं दायाँही मध्यमालाच लावला होता. काळी तीनसाठी मोठ्या तोंडाचा दायाँ लागतो, तो जवळ नसला की मध्यमाला लावणं ही नेहमीची सोय आहे. म्हणजे दोन्ही साक्षीदार खरं बोलत होते, मीच त्यांना चुकीचा प्रश्न विचारला होता.

ही चूक रेकॉर्डिंगबरोबर वाजवून का पकडता येत नाही, ते नीट लक्षात घ्या. काळी तीनचा मध्यमी तंबोरा म्हणजे `B` आणि `F#` हे दोन सूर. पांढरी सातचा पंचमी तंबोरा म्हणजे `F#` आणि `B`, पुन्हा तेच दोन सूर! फरक फक्त कुठल्या सुराला किती मान आहे याचा. एकात सा जोडीवर आणि खर्जावर आहे, दुसऱ्यात तोच सूर एकट्या पहिल्या तारेवर पडला आहे. त्यामुळे कुठेही बेसूर वाटत नाही, पण गायकाच्या पायाखालची जमीन सरकलेली असते.

म्हणून सूर कुठला हे ऐकण्याआधी तारांचा क्रम ऐका. चार तारांच्या तंबोऱ्यात पहिली तार पंचमाची, मध्यमाची किंवा निषादाची असते. मग एकाच सुराच्या दोन तारा लागोपाठ, ती जोड. मग त्याच सुराचा खालच्या सप्तकातला खर्ज. सलग दोनदा येणारा सूर सा, आणि त्यानंतर येणारा सगळ्यांत खोल सूरही सा. पाच-सहा तारांच्या तंबोऱ्यात आधी एखादी तार वाढते, पण जोड आणि शेवटचा खर्ज ओळखता येतोच. बोटानं मांडीवर ताल धरा: एक, दोन-दोन, चार. दोन-दोनवर जो सूर आहे तो गळ्यात घ्या.

रेकॉर्डिंगमध्ये दोन तंबोरे असतील तर क्रम एकमेकांत मिसळतो. अशा वेळी फक्त सगळ्यांत खोल सुराकडे कान ठेवा.

राग म्हणून पाहा

तंबोरा पुसट असेल, किंवा रेकॉर्डिंगमध्ये तो ऐकूच येत नसेल, तर रागालाच विचारायचं. यालाही पैसे लागत नाहीत, फक्त राग माहीत हवा. म्हणून तो फोनवरच विचारून ठेवायचा.

मालकंसाचे सूर सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नी. आता यातल्या मध्यमाला चुकून सा धरलात तर काय होतं बघा. कोमल ध हा कोमल ग होतो, कोमल नी हा मध्यम होतो, खरा सा हा पंचम होतो आणि कोमल ग हा कोमल नी होतो. सा ग म प नी, ग-नी कोमल: हा धानी झाला. कोमल ध ला सा धरलंत तर भूप, कोमल ग ला धरलंत तर दुर्गा. मूर्च्छना शिकताना आपण गंमत म्हणून हेच करतो. इथे ती गंमत नको आहे.

म्हणजे कसोटी सोपी आहे. तुम्ही धरलेल्या सा वर गायकाची चार-पाच वाक्यं सरगमात म्हणा. मालकंस सांगितला असताना तुमच्या तोंडात पंचम आला तर सा चुकला. रागात नसलेला सूर आला की तिथेच थांबायचं.

एक सावधगिरी: गायक सर्वांत जास्त ज्या सुरावर थांबतो तो सा, असं समजू नका. मालकंसाचा वादी मध्यम आहे, गायक त्यावर मिनिटभर न्यास करून बसेल. गाणं मध्यावर आल्यावर ट्यूनर लावला तर तो मध्यमच दाखवणार.

आवाजाच्या पल्ल्यावरूनही एक ढोबळ ताळा घेता येतो. पुरुषांचा सा बहुधा पांढरी सात ते काळी दोनच्या आसपास आणि बायकांचा काळी तीन ते काळी पाचच्या आसपास असतो. उत्तर यापासून फार दूर आलं तर पुन्हा तपासा. पण नुसत्या यावर निकाल देऊ नका. खर्जाच्या आवाजाचा पुरुष खालच्या काळी पाचला गात असेल तर त्याचा मध्यम काळी दोन येतो, आणि पुरुषासाठी दोन्ही पट्ट्या संभवतात. तिथे पल्ला काही सांगत नाही, जोडच सांगते.

मग मोजा

सा कुठला ते कानानं ठरलं की मगच यंत्राकडे जायचं. आता यंत्राचं काम फक्त एवढंच: तो सूर नेमका किती वर किंवा खाली आहे ते सांगणं.

ट्यूनरमध्ये `A4` ची किंमत 440 आहे ना, ते आधी पाहा. कुणी ती 432 करून ठेवली असेल तर सगळंच जवळजवळ 32 सेंटनं चुकतं, म्हणजे अर्ध्या सुराच्या एक तृतीयांश.

संगणकावर `Audacity` असेल तर काम जास्त खात्रीचं होतं. तंबोरा एकटा असलेले पाच-दहा सेकंद निवडा, `Analyze` मध्ये जाऊन `Plot Spectrum` उघडा, `Size` मध्ये `65536` घ्या. आकडा लहान घेतलात तर शिखरं जाड येतात आणि खालच्या सुरांत अर्ध्या सुराचाही नीट भेद होत नाही. नाशिकच्या त्या रेकॉर्डिंगमध्ये मी नंतर पाहिलं तेव्हा 92.5, 185, 277.5, 370 अशी समान अंतरावरची शिखरं दिसली, आणि त्यांच्यात 123 व 247 च्या आसपासची वेगळी शिखरं. समान अंतर 92.5, म्हणजे खर्ज 92.5, म्हणजे काळी तीन. सगळ्यांत उंच शिखर मात्र 247 चं होतं. उंची पाहून निर्णय घेतला असता तर पुन्हा पांढरी सातच आली असती.

सूर दोन पट्ट्यांच्या मध्ये येतो तेव्हा

गायक हौसेनं दोन पट्ट्यांच्या मध्ये गात असेल हे शक्य आहे. तंबोऱ्यावर गाणाऱ्याला पेटीची सक्ती नाही. पण रेकॉर्डिंग जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं असेल तर आधी वेगावर संशय घ्या. टेप साडेतीन टक्के जलद फिरली तरी सूर 60 सेंट वर जातो.

याचा ताळा घ्यायला एक युक्ती आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. जुन्या ध्वनिमुद्रणात माइकच्या तारेतून विजेची घूं शिरलेली असते, ती 50 किंवा बहुधा 100 हर्ट्झवर दिसते. टेप जलद फिरली तर गाण्याबरोबर ही घूंही वर चढते.

एका बाईंच्या जुन्या कॅसेटमध्ये सा 215 हर्ट्झ येत होता. काळी चार म्हणजे 207.65 आणि पांढरी सहा म्हणजे 220. पांढरी सहा जवळची, म्हणून कुणीही तीच धरली असती. तंबोरा सुरू होण्याआधीचा, फक्त खोकणं-खाकरणं असलेला तुकडा मी निवडला आणि त्यात घूं 103.5 ला सापडली. म्हणजे टेप 3.5 टक्के जलद.

```
215 / 1.035 = 207.7
1200 * log2(215 / 207.65) = 60
```

खरा सा काळी चार, अगदी नेमका.

तंबोरा सुरू होण्याआधीचाच तुकडा का घेतला? कारण काळी चारचा खर्जही त्याच परिसरात, 104 च्या आसपास असतो. जलद टेपवर तो 107.5 ला जातो आणि घूंशेजारी उभा राहतो, दोघांत गल्लत होते.

घूं बरोबर 100 ला आली तर मात्र खूश होऊ नका. ती कॅसेट उतरवताना, म्हणजे नंतरही शिरलेली असू शकते, आणि मग ती मूळ वेगाबद्दल काहीच सांगत नाही. विजेचा वेगही थोडा खालीवर होतो, त्यामुळे या पद्धतीवर दहा-पंधरा सेंटपेक्षा बारीक भरवसा ठेवू नका.

इथे थांबा

रेकॉर्डिंगच्या सुरुवातीचा आणि शेवटचा सा मोजा. दोघांत 25 सेंटपेक्षा जास्त फरक असेल आणि गायक सुरेल असेल, तर टेप चालता चालता वेग बदलते आहे. घरी बसून हे सुटत नाही. मूळ कॅसेट पुन्हा पुन्हा वाजवून पाहू नका, प्रत्येक वेळी ती झिजते. जुनी ध्वनिमुद्रणं उतरवणाऱ्या जाणकाराकडे द्या, किंवा गायकाकडून नवीन दोन मिनिटांचं रेकॉर्डिंग मागवा. दुसरा उपाय फुकट आहे.

सा सापडला, पण तुमचा तंबोरा तिथे बोलत नाही, अशीही वेळ येते. पुरुषी तंबोरा काळी चारला चढवायचा किंवा बायकी तंबोरा काळी एकला उतरवायचा प्रयत्न करू नका. पहिल्यात तार तुटते, नाहीतर घोडीवर आणि तबलीवर नको तेवढा ताण येतो. दुसऱ्यात तार लोंबते आणि जवारी मिटते. दोरा पुढे-मागे सरकवून जवारी खुलत नसेल तर घोडीला कानस लावू नका. ते काम तंतुवाद्याच्या कारागिराचं आहे, आणि एकदा जास्त घासली गेलेली घोडी परत येत नाही. वेगळ्या जाडीच्या तारांचा संचही त्याच्याकडूनच चढवून घ्या.

पेटीचा एखादा सूर तंबोऱ्याशी कायम भांडत असेल तर पेटीवाल्याला बोलवा. पितळी जीभ खरवडून सूर जुळवणं मीही करत नाही, आणि मी पेटी वाजवतो.

गायक येण्याआधी

तंबोरा लावून झाला की मणी मधोमध ठेवा, म्हणजे गायकानं किंचित वर किंवा खाली सांगितलं तर खुंटीला हात न लावता सरकवता येतो. मग एकट्या तंबोऱ्याचं अर्ध्या मिनिटाचं रेकॉर्डिंग गायकाला पाठवा आणि हेडफोनवरच ऐका असं सांगा. मी आता हे प्रत्येक वेळी करतो. नाशिकच्या त्या गायिका पुढच्या वर्षी पुन्हा आल्या, तेव्हा आदल्या दिवशी मी असंच पाठवलं होतं. दहा मिनिटांनी उत्तर आलं: "सा बरोबर. पण काका, उद्या यमन गाणार आहे, पहिली तार पंचमाला लावा."